थायरॉइडच्या गोळीचा पॉइंट कुठे पडतो? या चुका टाळा

दुपारी माझ्या औषधांच्या दुकानात गर्दी नसताना एक काका आले. हातात डायरीतून फाडलेलं पान, त्यावर लिहिलेलं, ‘लेव्होथायरॉक्सिन ०.५ एमजी, रोज एक.’ गोळी काकूंची. त्या सहा महिने न्यू जर्सीला मुलाकडे राहून आल्या होत्या. तिथली बाटली संपत आली, म्हणून काकांनी तिच्यावरचा आकडा उतरवून आणला होता.

०.५ मिलीग्रॅम म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. ५० ची गोळी दिली तर रोज दहा घ्याव्या लागतील. मी म्हटलं, “काका, घरी फोन करून बाटलीचा फोटो मागवा.” फोटो आला. बाटलीवर ०.०५ एमजी होतं आणि शेजारीच ५० एमसीजी. उतरवताना एक शून्य गळालं होतं, आणि एका शून्याने डोस दहापट झाला होता.

आपल्याकडच्या पाकिटांवर ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे एमसीजीमध्ये लिहिलेली असते. तिकडच्या बाटलीवर किंवा डिस्चार्ज कार्डावर ती मिलीग्रॅममध्येही सापडते. १००० मायक्रोग्रॅमचा १ मिलीग्रॅम होतो, त्यामुळे पॉइंट तीन घरं डावीकडे सरकवायचा. इथपर्यंत सगळ्यांना येतं. चूक होते ती घरं मोजताना.

म्हणून आधी आकडा तीन अंकी करून घ्या. ५० चं ०५० करा, ७५ चं ०७५, ८८ चं ०८८. आता त्याच्या आधी ‘शून्य पॉइंट’ लावा: ०.०५०, ०.०७५, ०.०८८. ०.०५० मधलं शेवटचं शून्य काढलं की ०.०५ उरतं. १०० मुळातच तीन अंकी आहे, म्हणून ०.१००, म्हणजे ०.१. उलट जाताना पॉइंटनंतर तीन अंक होईपर्यंत शून्यं भरा. ०.०५ चं ०.०५० होतं, म्हणजे ५०. काकांच्या ०.५ चं ०.५०० होतं, म्हणजे ५००. चूक लगेच डोळ्यांसमोर येते.

दुसरी चूक तुलनेची. डॉक्टरांनी डोस ०.०५ वरून ०.०२५ केला, तर ‘पंचवीस पाचापेक्षा मोठे, म्हणजे डोस वाढवला’ असं समजणारी शिकली-सवरलेली माणसं मी पाहिली आहेत. खरं तर ५० चा २५ झाला, डोस निम्म्यावर आला. मिलीग्रॅममधले दोन आकडे तसेच शेजारी ठेवून तुलना करूच नये, आधी दोन्ही मायक्रोग्रॅममध्ये आणावेत.

उत्तर बरोबर आहे का हे पाहायला एक ढोबळ अंदाज उपयोगी पडतो. मोठ्या माणसांचा रोजचा डोस बहुतेक वेळा २५ ते २०० मायक्रोग्रॅमच्या आत असतो, म्हणजे ०.०२५ ते ०.२ मिलीग्रॅम. तुमचं उत्तर ०.५ किंवा ०.७५ आलं, किंवा एका वेळी पाच-सहा गोळ्या घ्याव्या लागतील असं निघालं, तर आधी पॉइंटवर संशय घ्या.

हा अंदाज एका जोडीपुढे मात्र फसतो, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच वाटते. १२.५ आणि १२५ या दोन्ही गोळ्या बाजारात मिळतात. मिलीग्रॅममध्ये त्या ०.०१२५ आणि ०.१२५ होतात. चिठ्ठीतला पॉइंट पुसट असला तर समोरच्याला १२५ दिसतं, आणि तो आकडा पूर्ण शहाणा वाटतो, त्यामुळे कुणी थांबत नाही. इथे आधीचं पाकीट किंवा निदान त्याचा फोटो सोबत हवाच. फोनवर सांगायचं झालं तर ‘साडेबारा मायक्रोग्रॅम’ म्हणा. ‘साडेबारा’चं सव्वाशे ऐकू येत नाही.

स्वतः लिहितानाही मायक्रोग्रॅम हा शब्द पुरा लिहा, कारण घाईतलं एमसीजी एमजीसारखं दिसतं. नुसतं ‘.१’ लिहू नका, पॉइंट उडाला की त्याचा १ होतो. ‘५०.०’ ही लिहू नका, त्याचे ५०० होतात.

चुकीची गोळी पोटात गेलीच असेल तर एक लक्षात ठेवा: हे औषध शरीरात सावकाश काम करतं. निम्मं बाहेर पडायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे दोन दिवस काही जाणवलं नाही म्हणून डोस बरोबर होता असं होत नाही. जास्त झालेल्या डोसाने धडधड, हात थरथरणं, झोप उडणं हे हळूहळू सुरू होतं. कमी डोसात जुना थकवा आणि बद्धकोष्ठता परत येते. किती दिवस, कोणती गोळी, किती घेतली हे कागदावर मांडून डॉक्टरांना फोन करा, आपल्या मनाने गोळ्या बंद करून हिशोब जुळवू नका. हृदयाचा त्रास असलेल्यांनी किंवा छातीत दुखत असेल तर फोनवर न थांबता थेट दवाखाना गाठावा. डोस पुन्हा बरोबर केल्यावर टीएसएच लगेच तपासून उपयोग नसतो. तो स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात.