दुकानात पहिला माणूस ठेवताना या चुका टाळा

गोव्यातील फोंड्याच्या बाजारातील लहान दुकानांचे हिशेब मी बरीच वर्षे लिहीत आहे आणि पहिला कामगार ठेवणारा जवळजवळ प्रत्येक दुकानदार माझ्याकडे येतो तो सहा महिने उशिरा, म्हणजे भांडण झाल्यावर. "एकाच माणसाला कशाला कागद?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्यावर मी हसतही नाही. खरे तर कागदाची गरज एकाच माणसाच्या दुकानात सर्वांत अधिक असते, कारण तिथे काय ठरले होते हे सांगणारा तिसरा साक्षीदार नसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे राहण्याची खोली पगारात धरणे. माझ्या ओळखीच्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराने कर्नाटकातून आलेल्या मुलाला महिना १५,००० रुपयांवर ठेवले, दुकानामागची खोली दिली आणि तिचे ३,००० वजा करून दरमहा १२,००० रुपये हातात देत राहिला. नेमणूकपत्र नव्हते आणि वेतनपावतीही नव्हती. चौदा महिन्यांनी, ऐन चतुर्थीच्या तोंडावर, दोघांचे बिनसले. मुलाने तक्रार केली की आपल्याला दरमहा ३,००० कमी मिळाले, म्हणजे एकूण ४२,००० रुपये येणे आहे. दुकानदाराने गल्ल्यातली डायरी पुढे केली. तीत "मुलाला १२ दिले", "उचल १०" अशा नोंदी होत्या, पण एकाही नोंदीपुढे सही नव्हती. वेतन कमी मिळाल्याची तक्रार आली की ते दिल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळले. शेवटी दहा हजारांची उचल सोडून देऊन वर ३०,००० रुपये मोजावे लागले, तेव्हा तडजोड झाली.

इथे खोलीचे भाडे कापणे हा मुळात गुन्हा नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत घराच्या सोयीचे मूल्य वेतनात मोजले जात नाही. मात्र कामगाराने ती सोय स्वीकारली असेल तर तिच्या मूल्याइतकी कपात करता येते. म्हणून मी नेमणूकपत्रात आधी पूर्ण १५,००० लिहितो, खाली वेगळ्या ओळीत खोलीची कपात लिहितो आणि त्या ओळीपाशी कामगाराची स्वतंत्र सही घेतो. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. उचल दिली की त्याच दिवशी सही घ्यावी. "नंतर घेऊ" म्हणणाऱ्याने ती रक्कम बक्षीस दिली असे समजावे.

दुसरी चूक उतावळ्यांची: इंटरनेटवरून महाराष्ट्राचा तयार नमुना उतरवून त्यावर दुकानाचा शिक्का मारणे. गोव्याचा दुकाने व आस्थापना कायदा १९७३ चा आणि स्वतंत्र आहे. नमुन्यातील व्यवसाय कर गोव्यात आकारलाच जात नाही, तरी तो दरमहा कापणारे महाभाग मी पाहिले आहेत. पीएफ २० आणि ईएसआय १० कामगारांपासून बंधनकारक असतात; नोंदणी नसताना त्यांच्या नावाने पैसे कापणे म्हणजे सरळ लबाडी होय.

पगार ठरवताना शेजारच्या दुकानाचा आकडा विचारू नये. किमान वेतनाच्या अधिसूचनेतील रोजचा मूळ दर आणि महागाईशी जोडलेला भत्ता यांची बेरीज करून तिला २६ ने गुणावे, आणि ठरलेला पगार त्या आकड्याखाली जात नाही ना, हे आधी पाहावे. बेरजेतला भत्ता विसरणारे बहुतेक याच पायरीवर घसरतात. "पहिले तीन महिने शिकाऊ, म्हणून निम्मे" ही पळवाट चालत नाही. किमान वेतन पहिल्या दिवसापासून द्यावे लागते.

वेळ "सकाळी ९ ते रात्री ८" अशी लिहू नये. आपल्याकडे दुपारी दुकान बंद असते. तेव्हा ९ ते १ आणि ४ ते ८ असे लिहावे, म्हणजे ते आठ तास होतात. नाहीतर कागदावर अकरा तास दिसतात आणि जादा तासांचा दर दुप्पट असतो. साप्ताहिक सुट्टीचा वारही लिहावा.

आधार कार्डाची प्रत घ्यावी, मूळ कार्ड ठेवून घेऊ नये.

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, शक्यतो बँकेतून द्यावा, म्हणजे पुरावा आपोआप तयार होतो. कामगार सोडून गेला तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करून पावती घ्यावी. पत्र आणि पावती त्याला वाचता येईल अशा भाषेत असावी, यावर मी अडून बसतो. त्या हार्डवेअरवाल्याने पुढच्या मुलाला ठेवले तेव्हा आम्ही कन्नड प्रत शेजारच्या शिंप्याकडून लिहून घेतली, मुलाने ती दोनदा वाचली, खोलीच्या ओळीवर बोट ठेवून "यात वीजबिल धरले आहे का?" असे विचारले, आणि तेही तिथेच लिहून मगच सही केली.