रिक्रूटर रजेवर असल्याचा ऑटो-रिप्लाय आला? या चुका टाळा

मी पुण्यात आयटी भरतीचं काम करते. गणपती आणि दिवाळीच्या आसपास रजेवरून परतल्यावर उमेदवारांच्या मेल्स वाचताना दरवर्षी वाईट वाटतं, कारण त्यातल्या काहींचं काम तेव्हाच, दुसऱ्या कुणाला तरी विचारून, होऊ शकलं असतं.

पहिली चूक म्हणजे ऑटो-रिप्लाय अर्धाच वाचणं. "रजेवर आहे" एवढं दिसलं की लोक मेल बंद करतात. त्यात तीन गोष्टी शोधा: परतण्याची तारीख, पर्यायी व्यक्तीचा पत्ता आणि ती व्यक्ती कुठल्या कामासाठी दिली आहे. परदेशी कंपनी असेल तर तारीख जपून वाचा. 04/11 म्हणजे आपल्याकडे चार नोव्हेंबर, अमेरिकेत अकरा एप्रिल. नाव दिलेलं नसेल तर ते मुद्दाम लपवलंय असं समजू नका. आउटलुकमध्ये ऑफिसातल्या लोकांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा मजकूर ठेवता येतो, आणि बाहेरचा बहुतेकदा त्रोटक असतो.

याच जागी अजून एक फसगत होते. तुम्ही दुसरी मेल पाठवता, या वेळी ऑटो-रिप्लाय येत नाही आणि तुम्हाला वाटतं, मॅडम परत आल्या, पण उत्तर देत नाहीत. तसं नसतं. आउटलुक रजेच्या काळात एका पत्त्याला साधारण एकदाच उत्तर पाठवतं. जीमेल त्याच माणसाला पुन्हा उत्तर पाठवतं तेही चार दिवस उलटल्यावर. त्यामुळे त्या शांततेवरून काहीच ठरवू नका.

आता खरा प्रश्न: थांबायचं की दुसऱ्याला लिहायचं? तुमची मुदत रिक्रूटरच्या परतण्याच्या आधी संपते का, एवढंच बघा. संपत नसेल तर थांबा, आणि परतल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. पहिल्या दिवशी इनबॉक्स तुंबलेला असतो. इंटरव्ह्यू आजच असेल आणि लिंक चालत नसेल, तर ज्यांच्या पत्त्यावरून कॅलेंडर इन्व्हाइट आलं त्यांना लगेच कळवा.

मुदत आधी संपत असेल तर काय करायचं, ते माझ्या ओळखीतल्या एका टेस्टिंग इंजिनिअर मुलीच्या उदाहरणातून सांगते. तिच्या आवडीच्या कंपनीत तिन्ही राउंड झाले होते आणि "ऑफर लेटर येईल" असं फोनवर सांगितलं होतं. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात होती, उत्तर सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. गुरुवारी कळलं की रिक्रूटर बुधवारी परतणार. तिने ऑटो-रिप्लायमधल्या सहकाऱ्याला आपली जुनी मेल "कृपया पाहा" म्हणून फॉरवर्ड करायला घेतली होती. मी थांबवलं. त्या सहकाऱ्याला ही मुलगी कोण, हेच माहीत नसतं. त्यांना पाच-सहा मेल्सची माळ खालून वर वाचायला लावली तर ती बाजूला पडते. म्हणून तिने स्वतंत्र मेल लिहिली. इंग्रजीतच, पण मजकूर असा:

"नमस्कार, मी अमुक पदासाठी उमेदवार आहे, जॉब आयडी अमुक. तिसरा राउंड 9 तारखेला झाला. अमुक मॅडम बुधवारपर्यंत रजेवर असल्याने तुम्हाला लिहिते आहे. मला दुसऱ्या ऑफरला सोमवारी उत्तर द्यायचं आहे. माझं ऑफर लेटर कुठल्या टप्प्यावर आहे आणि ते साधारण कधी मिळेल, एवढं शुक्रवारपर्यंत कळवू शकाल का?"

रजेवरच्या मॅडमना सीसीमध्ये ठेवलं, म्हणजे परतल्यावर त्यांना सगळं एका जागी दिसेल. पगाराच्या स्लिपा, दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर यातलं काहीही जोडलं नाही.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅनेजरला लिहू का, असं तिने विचारलं. त्यांनी स्वतः आधी मेलवर संपर्क केला असेल तरच, आणि पर्यायी व्यक्तीकडून एक पूर्ण कामाचा दिवस उत्तर आलं नाही तर. तेव्हाही फक्त वेळ विचारा. पगाराचा आकडा त्यांच्याकडे काढला की तो पुन्हा एचआरकडेच जातो आणि विनाकारण गैरसमज होतो. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर सगळ्यात आधी कन्सल्टंटला फोन करा, त्याला ओलांडून कंपनीला लिहू नका.

एक माणूस मात्र जवळजवळ सगळेच विसरतात: दुसऱ्या कंपनीचा एचआर. मुदत त्यांनी दिलेली आहे, तर वाढवूही तेच शकतात. तिने त्याच गुरुवारी त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंतचा वेळ मागितला. गुरुवारपर्यंत मिळाला. शुक्रवारी सहकाऱ्याचं उत्तर आलं की लेटर मंजुरीसाठी अडलंय, पुढच्या आठवड्यात निघेल. ते बुधवारी दुपारी आलं. तोपर्यंत तिने सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला नव्हता, दुसरी ऑफरही नाकारली नव्हती.