पुरवठादाराचं पेमेंट चुकीच्या खर्चात पडलंय? दुरुस्ती करताना या चुका टाळा

पेमेंट भलत्याच खर्चात टाकलं गेलं, ही चूक कुणाच्याही हातून होते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खरं नुकसान करते ती घाईघाईत टाकलेली दुरुस्तीची नोंद. चूक दिसली की लगेच ‘हा खर्च नावे, तो खर्च जमा’ करून मोकळं होण्याची नवशिक्यांना फार घाई असते. त्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो: या पेमेंटचं बिल आधीच नोंदवलेलं आहे का?

एक उदाहरण घेऊ. यंत्रदुरुस्तीचं ४८,००० चं बिल ८ तारखेला बरोबर नोंदलं गेलं: यंत्रदुरुस्ती खर्च नावे, पुरवठादार जमा. २५ तारखेला पेमेंट झालं. ते खरं तर पुरवठादाराच्या नावे पडायला हवं होतं, पण बँकेच्या उताऱ्यावरून नोंद करणाऱ्याने ‘कार्यालयीन खर्च नावे, बँक जमा’ असं टाकलं. म्हणजे एकच खर्च दोन खात्यांत मिळून ९६,००० झाला, नफा ४८,००० ने कमी दिसू लागला आणि पुरवठादाराचे ४८,००० देणे तसेच राहिले. तेरीज मात्र जुळलेलीच, कारण नावे आणि जमा दोन्ही बाजू समान आहेत. त्यामुळे तेरीज जुळते का एवढंच पाहून ही चूक कधीच सापडणार नाही.

आता नेहमीची गफलत बघा. महिनाअखेरीला कुणाच्या तरी लक्षात येतं की कार्यालयीन खर्च फुगलाय. तो व्हाउचर उघडतो, यंत्रदुरुस्तीचं पेमेंट दिसतं आणि नोंद करतो: यंत्रदुरुस्ती खर्च नावे ४८,०००, कार्यालयीन खर्च जमा ४८,०००. वरवर सगळं ठीक वाटतं. पण यंत्रदुरुस्ती खर्च आता ९६,००० झाला आणि पुरवठादाराचं देणं अजून तसंच. पुढच्या महिन्यात देण्यांची यादी निघते, तिच्यात ते ४८,००० असतात, आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. ते परत मागायला लागतात तेव्हा मूळ चूक शोधायला दोन महिन्यांचे कागद उलटावे लागतात.

योग्य नोंद अशी:

पुरवठादार नावे ४८,०००
कार्यालयीन खर्च जमा ४८,०००

बिल आधी नोंदवलेलंच नसेल, थेट पैसे देऊन खर्च केला असेल, तरच ‘योग्य खर्च नावे, चुकीचा खर्च जमा’ ही नोंद बरोबर ठरते. म्हणून आधी पुरवठादाराचं खातं उघडा. तिथे तेवढ्याच रकमेचं बिल उभं असेल, तर दुरुस्ती त्या खात्यातूनच करायची.

दुसरी आवडती चूक म्हणजे बँकेची नोंद उलटवून पुन्हा टाकणं. बँकेतून पैसे एकदाच आणि बरोबर गेले आहेत, त्यामुळे बँक खात्याला हात लावायचं कारणच नाही. उलटवलं तर बँकवहीत एक आलेली रक्कम आणि एक नवं पेमेंट दिसतं. उताऱ्यावर यातलं काहीच नसतं. बेरीज शेवटी जुळते, पण ताळमेळ लावणारा त्या दोन ओळी घेऊन बसतो. ताळमेळ आधीच झाला असेल तर जुळवलेली नोंदही सुटते. जर्नल नोंद टाका, बँक तशीच राहू द्या. व्हाउचर खोडून नव्याने टाकणं तर मुळीच नको. चूक काय होती आणि कुणी सुधारली, हे वहीत दिसायलाच हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात. नावे-जमा उलटं टाकलं, तर चुकीच्या खात्यात ४८,००० च्या जागी ९६,००० दिसतात. रक्कम नेमकी दुप्पट झाली की आधी बाजू तपासा. नोंद टाकताना पुरवठादाराचं नाव निवडा, नुसतं धनकोंचं एकत्रित खातं नको, नाहीतर एकूण देणे बरोबर दिसतं आणि त्या पुरवठादाराकडे फरक राहतो. बंद केलेला काळ त्यासाठी उघडू नका. दुरुस्ती चालू काळात टाका. लेखापरीक्षण झालेल्या वर्षातली मोठी रक्कम असेल, तर आधी लेखापरीक्षकाला विचारा.

नॅरेशनमध्ये ‘दुरुस्ती’ एवढंच लिहून भागत नाही. असं लिहा: ‘दि. २५ चे व्हाउचर क्र. ३१२: पुरवठादाराला दिलेली रक्कम चुकून कार्यालयीन खर्चात, पुरवठादार खात्यात वर्ग.’ आणि मूळ व्हाउचरवरही दुरुस्तीच्या नोंदीचा क्रमांक टाका.

नोंद झाल्यावर पुरवठादाराचं खातं पुन्हा उघडा. बाकी शून्य आली म्हणून थांबू नका. ते ४८,००० त्या बिलासमोर जुळवा, नाहीतर थकबाकीच्या यादीत बिल उभंच राहतं, शेजारी न जुळवलेली नावे रक्कम दिसते आणि पेमेंट करणारा फक्त बिलच बघतो.