गायडन्स वाढवला तरी खुर्ची लालच: या चुका टाळा

प्रॉम्प्ट साधा होता: खिडकीपाशी निळी खुर्ची, तिला टेकवलेली लाल छत्री. मॉडेल होतं प्रॉम्प्टवरून चित्र बनवणारं स्टेबल डिफ्यूजन १.५. गायडन्स, म्हणजे प्रॉम्प्ट किती घट्ट धरायचा तो आकडा, ७.५. स्टेप्स ३०. सीड, म्हणजे सुरुवातीचा नॉइज ठरवणारा आकडा, ४२. छत्री लाल आली, खुर्चीही लालच आली. मॉडेल ऐकत नाही म्हणून मी गायडन्स १६ वर नेला. खुर्ची लालच राहिली. वर रंग भडक झाले, खिडकीतला उजेड पांढराफटक पडला आणि कडा करपल्यासारख्या दिसू लागल्या.

असं का होतं, ते या सूत्रात दिसतं:

```
eps = eps_uncond + s * (eps_cond - eps_uncond)
```

प्रत्येक स्टेपला मॉडेल चित्रातून काढायच्या नॉइजचा अंदाज दोनदा बांधतं, एकदा प्रॉम्प्टसह आणि एकदा प्रॉम्प्टशिवाय. दोन्ही अंदाजांतला फरक `s` पट ताणला जातो. हा `s` म्हणजेच गायडन्स स्केल. खुर्ची कुठली आणि छत्री कुठली, हे मॉडेलला प्रॉम्प्टमधूनच नीट उमगलं नसेल, तर त्या फरकातच गोंधळ असतो आणि `s` वाढवला की तोच गोंधळ ताणला जातो. `s` १ असेल तर ताण उरत नाही. चित्रात काय नको ते सांगणारा निगेटिव्ह प्रॉम्प्ट `eps_uncond` च्या जागी बसतो, म्हणून १ वर तोही निकामी होतो. बरेच जण इथेच अडकतात.

मी गायडन्स ६ वर आणला, प्रॉम्प्टमध्ये निळी खुर्ची आधी आणि स्वतंत्र वाक्यात लिहिली, आणि आठ सीड चालवले. तीन चित्रांत खुर्ची निळी आली. आठही चित्रांची मांडणी वेगळी होती. १६ वर तेच आठ सीड जवळजवळ एकाच साच्यातले वाटत होते. हट्टाने ताणलेल्या गायडन्सची खरी किंमत ही आहे, आणि एकच सीड पाहणाऱ्याला ती कळतच नाही.

दुसरी चूक स्टेप्सची. ३० वर जमलं नाही म्हणून १०० करायच्या. चित्राची ढोबळ मांडणी सुरुवातीच्या स्टेप्समध्येच ठरते, पुढच्या स्टेप्स बारकावे भरतात. प्रत्येक स्टेपला नॉइज कसा काढायचा हे सॅम्पलर ठरवतो. `DPM++ 2M` या सॅम्पलरवर २५-३० नंतर चित्र फारसं हलत नाही, नुसता वेळ जातो. `Euler a` मात्र प्रत्येक स्टेपला नवा नॉइज मिसळतो, त्यामुळे स्टेप्स बदलल्या की सीड तोच असूनही चित्र बदलत राहतं. ४० वरचं चित्र २० पेक्षा आवडलं, तर ते सुधारलं असेलच असं नाही, ते निराळंही असू शकतं. म्हणून तुलना करताना सीड आणि सॅम्पलर तेच ठेवा आणि एका वेळी एकच आकडा हलवा.

हे आकडे टर्बो किंवा एलसीएमसारख्या, मोजक्या स्टेप्समध्ये चित्र काढायला घडवलेल्या डिस्टिल्ड मॉडेलला लावू नका. एसडीएक्सएल टर्बो १ ते ४ स्टेप्ससाठी आणि गायडन्स बंद ठेवून वापरायला घडवलं आहे. तिथे ७.५ टाकलंत तर चित्र लगेच करपतं.