कोपऱ्यांच्या निर्देशकांतील ‘±’ कसा वाचावा : सर्वेक्षकाचे जमीनमालकास पत्र

महोदय,

आपल्या ४० × २५ मीटरच्या भूखंडाच्या नकाशात चारही कोपऱ्यांच्या निर्देशकांपुढे ‘± २ सेंमी’ असे लिहिले आहे, आणि शेजाऱ्यांची भिंत हद्दीत आली आहे का, असे आपण विचारले आहे. त्याचे उत्तर याच आकड्यात असल्यामुळे तो कसा वापरावा, हे क्रमाने लिहितो.

प्रथम आकड्याचा अर्थ पक्का करावा. तोच कोपरा रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणाऱ्या यंत्राने, पुन्हापुन्हा मोजला, तर पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा प्रत्येक दिशेने शंभरपैकी सुमारे ६८ वाचने खऱ्या जागेपासून २ सेंमीच्या आत येतील. निर्णय घेताना ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ४ सेंमी धरावी. तेव्हा सुमारे ९५ वाचने तिच्या आत येतात.

त्यानंतर बाजूची लांबी तपासावी. बाजूला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांची चूक तिच्यात उतरते. मात्र २ आणि २ मिळून ४ होत नाहीत, कारण चुका कधी एकमेकींना खोडून काढतात. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढल्यास २.८ सेंमी येतात, दुप्पट केल्यावर ५.६. टेपने ४० मीटरची बाजू ३९.९७ भरली, तर त्यात काहीही बिघडलेले नाही.

क्षेत्रफळासाठी आपल्यासारख्या आयताकृती भूखंडात कर्णाला कोपऱ्याच्या चुकीने गुणावे : ४७.१७ × ०.०२ म्हणजे ०.९४ चौरस मीटर. दुप्पट करून क्षेत्रफळ १००० ± १.९ चौरस मीटर असे वाचावे.

आता भिंत. ती बाजूच्या मध्याजवळ मोजली आहे. तिथे हद्दरेषेची आडवी चूक दोन कोपऱ्यांत वाटली जाऊन १.४ सेंमी होते, भिंतीवरच्या बिंदूची २ सेंमी. मिळून सुमारे २.५, दुप्पट ५. भिंत हद्दीच्या आत ४ सेंमी दिसते, म्हणून तिला अतिक्रमण म्हणता येत नाही, आणि ती बाहेर आहे असेही म्हणता येत नाही. हाच फरक १२ सेंमी असता, तर मी तसे ठामपणे लिहून दिले असते.

या सगळ्या हिशोबात एक गोष्ट येत नाही, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. ‘± २ सेंमी’ हे मी ज्या खुणेवर रोव्हर ठेवला तिच्याबद्दल आहे. ती खूण मूळ जागीच आहे का, हे तो आकडा सांगत नाही. नांगरताना हद्दीचा दगड सरकला असेल, तर चुकीची जागा मी अचूक मोजलेली असेन. आग्नेय कोपऱ्यातील आंब्याखाली उपग्रहांचे संकेत अडतात किंवा शेजारच्या पत्र्यावर आदळून येतात, आणि तेव्हा यंत्र स्वतःची चूक प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते. म्हणून तो कोपरा काही तासांनंतर, उपग्रहांची मांडणी बदलल्यावर, पुन्हा मोजावा. दोन वाचने ५–६ सेंमीहून अधिक वेगळी आली, तर उघड्या जागेवरून टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, तो घ्यावा लागेल.

हद्दीच्या अधिकृत निर्णयासाठी भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घ्यावी आणि माझ्या निर्देशकांशी ताडून पाहावी. ती मिळेपर्यंत भिंतीबद्दल नोटीस पाठवू नये, ही विनंती.

आपला,
परवानाधारक सर्वेक्षक