दस्तात १ आणि 9 एकत्र आले की

मराठी दस्तात सर्वांत फसवी जोडी १ आणि 9 यांची. घाईत वाचणाऱ्याला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. खरेदीखतात एका ठिकाणी ‘दि. १/९/२०२४’ आणि पुढच्या पानावर ‘9/1/2024’ असं आलं, तर १ सप्टेंबर की ९ जानेवारी, हा वाद हातानं ओढवून घेतल्यासारखाच. म्हणून महिना अक्षरांत लिहा: १ सप्टेंबर २०२४.

मजकुरातल्या रकमा, तारखा आणि क्षेत्रफळ सगळीकडे देवनागरीत ठेवा. पॅन, आयएफएससी आणि धनादेश क्रमांक मात्र मूळ कागदावर जसे छापलेत तसेच, इंग्रजी अंकांत. त्यांचं देवनागरीकरण करू नका. पडताळणी करणारा ते स्क्रीनवरच्या नोंदीशी एकेक अंक जुळवून बघतो.

रक्कम अशी: रु. १९,५०,०००/- (अक्षरी रुपये एकोणीस लाख पन्नास हजार फक्त). इथे १ आणि ९ शेजारी आहेत, त्यामुळे अक्षरी रकमेला खरी किंमत. ती आकड्यावरून नव्हे, मूळ सौदापावतीवरून लिहा, नाहीतर चूकही तशीच उतरते.

जुन्या मसुद्यातून चिकटवलेले परिच्छेद इथे घात करतात. छपाईआधी लिब्रेऑफिसच्या शोध खिडकीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ चालू करून हे शोधा:

```
[0-9]
```

सापडलेले अंक फक्त ओळख क्रमांकांतले असावेत. रकमेत किंवा तारखेत एखादा निघाला, तर तो मूळ कागदाशी ताडूनच बदला. सरसकट ‘रिप्लेस ऑल’ केलंत तर पॅनही बदलेल.