पिच मेलमधला ‘कदाचित’ : या चुका टाळा

एका फ्रीलान्स डिझायनर मैत्रिणीने ऑनलाइन फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीला काम मिळवण्यासाठी मेल, म्हणजे पिच मेल, लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. विषय होता, ‘डिझाइनच्या कामासंदर्भात’. आत असं होतं:

“आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल क्षमस्व. मला डिझाइनचा साधारण 4 वर्षांचा अनुभव आहे. आपली वेबसाइट खूप छान आहे, पण कदाचित मोबाइलवर ती थोडी सुधारता येऊ शकेल असं मला वाटतं. लोगो, ब्रोशर, पॅकेजिंग, सोशल मीडिया अशी सर्व कामे मी करते. दर कमी-जास्त करता येतील. शक्य झाल्यास उत्तर द्यावे ही नम्र विनंती.”

तिने साइट नीट तपासली होती. ‘खरेदी करा’ हे बटण मोबाइलवर 4 वेळा स्क्रोल केल्यावर दिसतं, हे तिला ठाऊक होतं. मेलमध्ये मात्र त्याचा पत्ताच नाही! जे डोळ्यांनी पाहिलंय त्याला ‘कदाचित’ आणि ‘असं वाटतं’ लावलं, की वाचणाऱ्याला तो नुसता अंदाज वाटतो.

माफी काढली. कामांची यादीही काढली, कारण सगळंच करणाऱ्या माणसाला नेमकं कशासाठी बोलवायचं हे कळत नाही. दराचं वाक्य तर सगळ्यात आधी गेलं. समोरच्याने किंमत विचारलेलीही नसताना आपणच ती उतरवायला का निघायचं? उरलं ते असं, विषयासकट:

“विषय: मोबाइलवर ‘खरेदी करा’ बटण फार खाली आहे

नमस्कार,
तुमच्या साइटवर मोबाइलवरून खुर्ची पाहिली. फोटो आणि मापांचा तक्ता आधी येतो, त्यामुळे बटण गाठायला 4 वेळा स्क्रोल करावं लागतं. ते किमतीखाली आणलं तर पान कसं दिसेल, याचं एक कच्चं चित्र जोडलं आहे. मी 4 वर्षं ऑनलाइन दुकानांच्या मोबाइल साइट्स डिझाइन करते; अशाच एका कामाची लिंक खाली आहे. बुधवारी किंवा गुरुवारी 15 मिनिटं फोनवर बोलता येईल का?”

या नव्या मेलच्या पहिल्या खर्ड्यात तिने उलटी चूकही केली होती: “यामुळे तुमची विक्री दुप्पट होईल.” किती ग्राहक त्या पानावरून परत जातात, हा आकडा कंपनीकडे असतो, तिच्याकडे नाही. तिथे शंका प्रामाणिक आहे, म्हणून ते वाक्य गाळून तो प्रश्न फोनवर विचारण्यासाठी ठेवला. ‘कृपया’ आणि ‘नमस्कार’ यांना मात्र घाबरू नका. सभ्यतेने मेल दुबळा होत नाही.

आठवड्याभरात उत्तर नाही आलं, तर त्याच मेलखाली दोन ओळी लिहा: “बटणाबद्दल लिहिलं होतं. या आठवड्यात बोलायला कोणता दिवस सोयीचा आहे?” ‘पुन्हा त्रास देत आहे’ हे शब्द तिथे हमखास बोटांवर येतात. तेवढे खोडा आणि पाठवा.